शिवणीजवळच्या ओळी वाकतात: पुस्तकाच्या पानाचा फोटो वाचता येईल असा कसा काढायचा

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माझे एक चुलत काका आहेत. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, आता डोळ्यांनी अक्षर दिसत नाही. मी पुस्तकाच्या पानांचे फोटो काढतो, संगणकावर त्यांची अक्षरओळख करून मजकूर तयार करतो आणि फोन तो मजकूर त्यांना वाचून दाखवतो. गेल्या चार वर्षांत बरीच पुस्तकं अशी केली. त्या सगळ्यांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा आलं: पानाची बाहेरची बाजू स्वच्छ, आणि शिवणीकडची बाजू वाकडी, दबलेली, काळवंडलेली. पहिल्या पुस्तकाच्या वेळी काका दहा मिनिटांत म्हणाले, "आरं, वाक्य संपतच नाही की. मधेच दुसऱ्या ओळीचं शेपूट लागतंय." ते शेपूट कुठून येतं, हे शोधायला मला तीन पुस्तकं लागली. तुमचं तेवढं तरी वाचावं म्हणून सगळं क्रमाने लिहितो. आधी फुकटचे उपाय, मग थोड्या पैशांचे, मग संगणकाचे, आणि शेवटी हात कुठे थांबवायचा ते.

लक्षणं कशी ओळखायची

डावं पान असेल तर शिवण ओळीच्या शेवटी येते, उजवं असेल तर सुरुवातीला. त्यामुळे डाव्या पानावर वाक्यांची टोकं बिघडतात, उजव्या पानावर ओळींचे पहिले दोन-तीन शब्द. तयार झालेल्या मजकुरात चुका पानभर विखुरलेल्या असतील तर कारण वेगळं आहे: फोटो हलला असेल, शाई पुसट असेल. पण डाव्या पानांवर चुका उजवीकडे आणि उजव्या पानांवर डावीकडे गोळा होत असतील, तर दोष शिवणीचाच.

दुसरी खूण अक्षरांत दिसते. शिवणीकडे अक्षरं आडवी दबतात, त्यामुळे "रव" चा "ख" होतो, "रा" चा "ग" होतो. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीत शिरतो, खालच्या ओळीचा रफार किंवा अनुस्वार वरच्या ओळीला चिकटतो. काकांना ऐकू येणारं शेपूट तेच. यंत्र ओळ डावीकडून उजवीकडे सरळ पट्टीसारखी वाचत जातं, ओळ टोकाला वाकली की पट्टी शेजारच्या ओळीवर जाते.

डोळ्यांनी वाचणाऱ्यालाही याचा त्रास होतोच. फोनवर पान मोठं करून वाचताना पडद्यावर ओळीचा एकच तुकडा दिसतो. तो तुकडा सरकवत नेताना ओळ वाकून पडद्याबाहेर गेली की नजर खालच्या किंवा वरच्या ओळीवर उतरते. चांगल्या नजरेचा माणूस लगेच परत येतो. कमी दिसणारा माणूस हरवतो.

पहिली तपासणी: ओळी वाकल्यात कशा?

याला काही खर्च नाही, पण बहुतेक जण हीच वगळतात आणि थेट ॲप शोधायला लागतात. फोटो मोठा करा आणि एक पोस्टकार्ड किंवा पट्टी पडद्यावर ओळीच्या शिरोरेषेला लावा. मराठीत हे सोपं आहे, कारण शिरोरेषा म्हणजे पानावर आधीच आखलेली रेघ. आमच्याकडे बऱ्याच घरांत कन्नड पुस्तकंही असतात. तिथे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी खूण असते, अखंड रेघ नसते, म्हणून वाक पटकन जाणवत नाही. अशा वेळी ओळीच्या खालच्या बाजूला पट्टी लावा.

आता तीन ओळी बघा: सगळ्यात वरची, मधली आणि सगळ्यात खालची.

तिन्ही ओळी सरळ आहेत, पण एकाच बाजूला उतरल्यात, तर पुस्तक फक्त तिरकं ठेवलं होतं. फोटो फिरवला की काम झालं. ओळी सरळ आहेत, पण एका टोकाला एकमेकींच्या जवळ येतात, तर फोन पानाला समांतर नव्हता. चार कोपरे पकडून पान चौकोनी करणारं कुठलंही साधं ॲप हे दुरुस्त करतं.

वरची ओळ शिवणीकडे खाली वाकते, खालची ओळ शिवणीकडे वर वाकते आणि मधली जवळजवळ सरळ राहते, तर हाच आपला रोग. चार कोपरे पकडणारं ॲप इथे काहीच करू शकत नाही, कारण ते पान सपाट आहे असं धरून चालतं. कोपरे कितीही नीट पकडा, वाक तसाच राहतो.

चौथा प्रकार पावसाळ्यात दिसतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आषाढ-श्रावणात कागद ओल धरतो आणि पानाला लाटा येतात. मग ओळी कुठेही, कशाही वळतात, त्यात शिस्त नसते. असं पुस्तक आधी कोरड्या, हवेशीर खोलीत राहू द्या, वर हलकं वजन ठेवा, आणि फोटो नंतर काढा. ओलसर पान काचेखाली दाबू नका, ते चिकटतं आणि सोलवटतं.

मधली ओळ सरळ का राहते

हे एकदा कळलं की पुढचे निम्मे उपाय आपोआप सुचतात. उघड्या पुस्तकाचं पान शिवणीकडे खाली उतरतं, म्हणजे कॅमेऱ्यापासून लांब जातं. जी वस्तू लांब ती फोटोत लहान दिसते आणि फोटोच्या मध्याकडे सरकते. वरच्या ओळीचं शिवणीकडचं टोक मध्याकडे, म्हणजे खाली येतं. खालच्या ओळीचं टोक मध्याकडे, म्हणजे वर जातं. मधली ओळ आधीच मध्यावर असते, तिला सरकायला जागा नसते.

नेहमीच्या डेमी आकाराच्या पुस्तकाचं गणित मांडून बघू. एका पानावर 28 ओळी, मजकुराची उंची 17 सेंटिमीटर, म्हणजे एका ओळीपासून दुसरीपर्यंत साधारण 6 मिलिमीटर. पानाच्या मध्यापासून 8 सेंटिमीटर वर असलेली एक ओळ घ्या. फोन पानापासून 30 सेंटिमीटरवर आहे आणि शिवण पानापेक्षा 2 सेंटिमीटर खोल आहे. त्या ओळीचं टोक 8 च्या 32 भागांपैकी 2 भाग सरकतं, म्हणजे 5 मिलिमीटर. ओळींमधलं अंतर 6 आणि वाक 5! यंत्राने सरळ पट्टी काढली की तिच्या टोकाला जवळजवळ पूर्ण शेजारची ओळ येते. शेपूट इथूनच लागतं.

आता फोन दुप्पट उंच, 60 सेंटिमीटरवर न्या. वाक निम्मा होतो, अडीच मिलिमीटर. पण अक्षरंही फोटोत निम्मी होतात. माझ्या फोनवर 30 सेंटिमीटरवरून एका सेंटिमीटरला शंभराच्या आसपास पिक्सेल मिळतात, 60 वरून पन्नासच. अक्षरओळखीला 300 डीपीआय म्हणजे सेंटिमीटरला 118 पिक्सेल असावेत असा सर्वसाधारण दंडक आहे. शंभरावर मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. पन्नासावर रफार आणि अनुस्वार गळायला लागतात.

त्याऐवजी फोन 30 सेंटिमीटरवरच ठेवा आणि शिवणीची खोली 2 वरून 1 सेंटिमीटरवर आणा. वाक तेवढाच कमी होतो, अडीच मिलिमीटर, आणि एकही पिक्सेल जात नाही. मी सुरुवातीला स्टूलवर उभा राहून उंचावरून फोटो काढत होतो. ती मेहनत चुकीच्या जागी होती. आधी खोली कमी करायची, उंचीचा विचार मग. तुमच्या फोनला दुप्पट झूमचं वेगळं भिंग असेल तर मात्र थोडं लांबून त्याच भिंगातून काढा. त्यात अक्षरंही मोठी राहतात आणि वाकही घटतो.

दुसरी तपासणी: पुस्तक कसं ठेवलंय

दोन्ही पानं एकदम घेण्याचा मोह सोडा. पुस्तक पूर्ण उताणं, सपाट उघडलं की दोन्ही बाजूंची पानं फुगून शिवणीत कोसळतात, खोली सर्वांत जास्त होते आणि कण्यावर ताणही येतो.

असं करा. उजवं पान टेबलावर सपाट असू द्या. डावा भाग उचलून काटकोनापेक्षा थोडा जास्त, साधारण 110 अंशांत उभा करा आणि त्याच्या मागे आधार द्या. मी रॉकेलचा जुना चौकोनी डबा वापरतो, विटेला कागद गुंडाळला तरी चालतं. उजवं पान आता शिवणीपर्यंत जवळजवळ सपाट राहतं. फोन फक्त या पानावर, त्याला समांतर धरा, पानाच्या मध्यावर. फोन हातात धरण्यापेक्षा दोन थप्प्यांवर लाकडी पट्टी टाकून तिच्या कडेवर ठेवलेला बरा, म्हणजे प्रत्येक पानाला उंची तीच राहते.

आधी पुस्तकभर सगळी उजवी पानं काढून घ्या, म्हणजे विषम आकड्यांची. मग पुस्तक उलटं फिरवून सगळी डावी. प्रत्येक पानासाठी मांडणी बदलत बसलात तर एका तासात कंटाळाल. प्रत्येक फोटोत पानाचा छापील आकडा आला पाहिजे, नंतर क्रम लावायला तोच उपयोगी पडतो.

या एका बदलाने माझं बहुतेक काम भागतं. दोऱ्याने फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेलं पुस्तक असेल तर शिवणीची खोली अर्ध्या सेंटिमीटरवर येते आणि वाक सव्वा मिलिमीटरच्या आसपास. तेवढा यंत्र सहन करतं.

तिसरी तपासणी: उजेड

शिवणीकडचा काळपटपणा आणि वाकलेल्या ओळी ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण ती एकत्र येतात, त्यामुळे एकाचं खापर दुसऱ्यावर फुटतं. उजेड पानाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने आला तर उभं पान शिवणीवर सावली टाकतं. उजेड पुस्तकाच्या डोक्याकडून यायला हवा, म्हणजे शिवणीच्या लांबीला धरून. खिडकीकडे पुस्तकाचं डोकं करा, एवढंच. मी सकाळी नऊ ते अकरा काम करतो, थेट ऊन नसलेल्या खिडकीत. फोनचा फ्लॅश बंद. तो चकाकी आणतो आणि शिवणीत उजेड पोचवत नाही.

फोकससाठी पडद्यावर बोट पानाच्या मध्यावर न टेकवता शिवणीपासून पानाच्या एक तृतीयांशावर टेकवा. बाहेरची कड जरा मऊ झाली तरी वाचता येते, शिवणीकडची झाली तर येत नाही.

चौथी तपासणी: काच

एवढं करूनही पान फुगत असेल तर काच. फ्रेम करणाऱ्याकडून पानापेक्षा थोडा मोठा तुकडा कापून घ्या, चार मिलिमीटर जाडीचा, आणि कडा घासून मागा. दोन मिलिमीटरची फ्रेमची काच हातात तुटते. काचेची एक लांब कड बरोबर शिवणीच्या रेषेत बसवा आणि तिथेच हळू दाबा. बाहेरच्या बाजूला दाबून उपयोग नाही.

काचेत फोनचं, छताचं आणि तुमच्या शर्टाचंही प्रतिबिंब पडतं. भिंगापुरतं भोक पाडलेलं काळं कापड फोनच्या पुढे धरलं की ते जातं. पान काळवंडलेलं, ठिसूळ असेल, कोपरा दुमडून बघितल्यावर तुटत असेल, तर काच वापरू नका. तिथून पुढची तपासणीही करू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

एका पुस्तकाची गोष्ट

काकांनी स्वतः सांभाळून ठेवलेलं एक पुस्तक होतं, 184 पानांचं, खिळ्यांच्या छपाईचं. कधीतरी ते पुन्हा बांधून घेतलं होतं, आणि बांधणाऱ्याने फर्मे न शिवता बाजूने आरपार टोचे मारले होते. सीमाभागातल्या वाचनालयांत अशी बांधणी खूप दिसते. ती टिकते, पण टोच्यांच्या आतलं सेंटिमीटरभर पान गिळते, आणि ते पुस्तक कधीच पूर्ण उघडत नाही. मूळ समास दीड सेंटिमीटरचा असेल तर हाताशी अर्धा सेंटिमीटरच उरतो.

पहिल्यांदा मी दोन्ही पानं एकदम घेतली होती. पान 112 चा मजकूर काढला तेव्हा 28 ओळींपैकी 17 ओळींची टोकं बिघडलेली निघाली. वरच्या नऊ, खालच्या आठ, आणि मधल्या 11 ओळी चांगल्या. बघा, रोगाने आपलं नावच सांगितलं. 112 हे डावं पान, म्हणून टोकं ओळींच्या शेवटी.

मग 110 अंशांची मांडणी, खिडकीचा उजेड आणि काच. त्याच पानावर बिघडलेल्या ओळी सहा उरल्या, वर तीन, खाली तीन. टोच्यांमुळे पान शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये एकदम वळतं, ते काचेने पूर्ण बसत नव्हतं. इथे संगणकाचं काम सुरू झालं.

पाचवी तपासणी: फोटो सरळ करणं

फोनवर vFlat सारखं पानाचा वाक ओळखून सपाट करणारं ॲप असेल तर आधी तेच करून बघा. साध्या पुस्तकांना पुरतं. पण त्यात वाक यंत्र ठरवतं, चुकलं तर आपल्याला हात घालता येत नाही. टोच्यांच्या बांधणीत ते वारंवार चुकलं, म्हणून मी ScanTailor Advanced वर गेलो. ते फुकट आहे आणि माझ्या जुन्या संगणकावरही चालतं.

त्यात पानं पायरी-पायरीने पुढे सरकतात. आपल्याला हवी ती पायरी शेवटची, `Output`. तिथे `Dewarping` मध्ये `Auto` आधी करून बघा. वेलांट्या-उकारांच्या गर्दीत ते फसलं तर `Manual` घ्या. पानावर दोन आडव्या वक्र रेषा येतात, एक वर, एक खाली. वरची रेषा पहिल्या पूर्ण ओळीच्या शिरोरेषेवर बसवा, खालची शेवटच्या पूर्ण ओळीच्या शिरोरेषेवर. रेषेवर ठिपके वाढवता येतात. बाहेरच्या बाजूला दोन-तीन पुरतात, शिवणीकडच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरात मात्र चार-पाच घाला, कारण सगळं वळण तिथेच आहे. मधल्या ओळी यंत्र या दोन रेषांच्या आधाराने स्वतः सरळ करतं. म्हणूनच अर्धवट ओळीवर रेषा बसवू नका. परिच्छेदाची शेवटची आखूड ओळ घेतली तर टोकाला आधार उरत नाही आणि पान तिथे मनाला येईल तसं ताणलं जातं.

शंभर पानांसाठी हे हाताने करणं जड आहे. आज्ञा लिहून काम करायची सवय असेल तर मॅट झकर यांनी 2016 मध्ये मांडलेल्या पद्धतीवरचं `page-dewarp` वापरा. ते मजकुराच्या ओळी शोधतं, त्यांच्या वाकावरून पानाचा आकार काढतं आणि पान उलगडतं:

```
pip install page-dewarp
page-dewarp 112.jpg
tesseract 112_thresh.png 112 -l mar --psm 6
```

पहिली ओळ एकदाच चालवायची. दुसरीने सरळ केलेला काळा-पांढरा फोटो तयार होतो, तिसरीने `112.txt` मध्ये मजकूर येतो. त्यासाठी टेसरॅक्ट हा अक्षरओळखीचा प्रोग्राम आणि त्याची मराठी फाइल आधी बसवलेली हवी. पानावर कन्नड आणि मराठी दोन्ही असेल तर `-l mar+kan` लिहा. `--psm 6` म्हणजे पान हा मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असं यंत्राला सांगणं. दोन रकान्यांच्या पानाला ते चालणार नाही.

`page-dewarp` ला तीन गोष्टी लागतात. फोटोत एकच पान असावं. चारी बाजूंना थोडी मोकळी जागा असावी, कारण फोटोच्या अगदी कडेचा मजकूर ते जमेत धरत नाही. शिवणीला चिकटून फोटो कापलात तर नेमकी हवी ती अक्षरं हिशेबातून सुटतात. तिसरं, ओळी पुरेशा आणि लांब हव्यात. कवितेच्या पानावर ते अडखळतं. कविता मी नेहमी हाताने करतो.

पान 112 सरळ केल्यावर सहापैकी पाच ओळी सुधारल्या. राहिलेल्या एका ओळीचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

सरळ करून काय परत मिळत नाही

ओळ वाकणं आणि अक्षर दबणं यांत फरक आहे. वाकलेली ओळ सरळ होते, कारण तिची सगळी माहिती फोटोत असते, फक्त जागा चुकलेली. दबलेल्या अक्षराचं तसं नाही. पान जिथे 60 अंशांनी उतरतं, तिथे अक्षराची रुंदी वरून निम्मीच दिसते. सपाट भागात 24 पिक्सेलचं अक्षर तिथे 12 पिक्सेलचं. संगणक ते ताणून पुन्हा 24 चं करतो, पण मधली बारीक रेघ फोटोत आलीच नसेल तर ती ताणल्याने उमटत नाही. "ष" मधली तिरकी रेघ गेली की "प" उरतो, तो कितीही मोठा करा.

हे डोळ्यांनी तपासता येतं. सरळ केलेला फोटो मोठा करा आणि शिवणीकडची अक्षरं बाहेरच्या अक्षरांशी ताडून बघा. कडा पसरट, धुरकट दिसत असतील तर संगणकाला दोष देऊ नका. परत पुस्तकाकडे जा आणि फोटो पुन्हा काढा. या वेळी फोन शिवणीतल्या उतारासमोर येईल असा तिरपा धरा. असा दुसरा फोटो पानभर वाचण्यासाठी नाही, फक्त त्या चार शब्दांसाठी. पान 112 च्या त्या एका ओळीचे दोन शब्द मी असे बघून हाताने टाइप केले. 184 पानांत अशी जागा बारा ठिकाणी आली. त्यासाठी नवं तंत्र शोधण्यापेक्षा बारा वेळा टाइप करणं सोपं.

झालं की नाही हे ठरवायची माझी रीत साधी आहे. पाच पानं निवडतो: सुरुवातीची, शेवटची आणि तीन मधली, कारण पुस्तकाच्या मध्यावर शिवणीची खोली वेगळी असते. प्रत्येकाची वरची आणि खालची ओळ फोनकडून मोठ्याने वाचून घेतो. काका ऐकतात. त्यांनी "पुढं" म्हटलं की पुस्तक पास.

इथे थांबा

टोच्यांच्या आत अक्षरच शिरलं असेल, म्हणजे पान कितीही अलगद उघडलं तरी अक्षराचा भाग दिसत नसेल, तर फोटोने काही होणार नाही. पुस्तक ताणू नका. कण्यातून "कट" असा आवाज आला की गोंद तुटलेला असतो, आणि त्यापुढे पानं सुटायला लागतात. पुस्तक स्वतःचं असेल आणि कागद मजबूत असेल तर चांगल्या बाइंडरकडे न्या आणि टोचे उसवून द्यायला सांगा. त्याला दोन गोष्टी आधी स्पष्ट सांगा: शिवणीकडची कड यंत्राने कापायची नाही, आणि पानांच्या घड्या शाबूत असतील तर नंतर फर्म्यांनीच शिवायचं, आरपार टोचे नकोत. घाईत असलेला बाइंडर कड कापून गोंद लावतो, त्यात ओळीचं पहिलं अक्षर कायमचं जातं.

कागद ठिसूळ असेल, बुरशी दिसत असेल, वाळवीची भोकं असतील, किंवा ते घरातलं मोडी दप्तर, हस्तलिखित पोथी, एकमेव प्रत असेल, तर बाइंडरही नको. असा कागद जपण्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडे किंवा ज्या संग्रहालयात-ग्रंथालयात पुस्तक पूर्ण न उघडता वरून स्कॅन करायची सोय आहे तिथे विचारा. तोपर्यंत ते सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. वाचनालयाचं पुस्तक असेल तर काच लावण्याआधीच ग्रंथपालांना विचारा, उसवण्याचा विचारही करू नका. दुसऱ्या वाचनालयात त्याच पुस्तकाची पुन्हा न बांधलेली प्रत आहे का ते आधी बघा. काकांच्या आणखी एका पुस्तकाची अशी प्रत मला निपाणीत मिळाली, मूळ शिवणीची, सरळ उघडणारी. ते पुस्तक मग दोन सकाळींत झालं.

आणि बाइंडरने टोचे उसवले की पानं हातात सुटी येतात. फोटो तेव्हाच काढून घ्या, पुन्हा शिवायला देण्याआधी. सुट्या पानाला शिवण नसते, एका पानाला मिनिटसुद्धा लागत नाही.